पावलं नेमकी कुठून आली?

टीव्हीवर चित्रपट लावला, की मागच्या दोन स्पीकरना फारसं काम नसतं. पाऊस, गर्दीचा गलका, अधूनमधून डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर. कथा समोरच्या पडद्यावर चाललेली असते, संवाद मधल्या स्पीकरमधून येतात आणि मागचा एखादा आवाज थोडा इकडेतिकडे झाला तरी कुणाचं काही बिघडत नाही. गेममध्ये हा हिशेब उलटा होतो. तिथे कॅमेरा तुमच्या अंगठ्याखाली असतो आणि कोणता आवाज कोणत्या स्पीकरमधून किती द्यायचा, हे गेम क्षणोक्षणी नव्याने ठरवतो. शत्रू तुमच्या मागे डावीकडे असेल, तर त्याची पावलं मागच्या डाव्या स्पीकरमधून जास्त आणि उजव्यामधून कमी येतात. तुम्ही वळलात की तीच पावलं सरकत समोर येतात. या हिशेबात गेमने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पाचही स्पीकर ठरलेल्या कोनात आहेत, त्यांचे आवाज तुमच्या कानाशी एकाच वेळी पोचतात आणि सारख्याच जोराने पोचतात. तुमच्या हॉलमध्ये तसं नसेल, तर गेम बरोबर सांगतो आणि तुम्ही चुकीच्या दिशेला वळता.

फाइव्ह पॉइंट वन म्हणजे समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर, मागे-बाजूला दोन सराउंड, आणि जड, खोल आवाजासाठी एक सबवूफर. यातल्या पाचांच्या जागा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस ७७५ या शिफारशीत दिलेल्या आहेत. ऐकणाऱ्याच्या नाकासमोर शून्य अंश धरला, तर मधला स्पीकर शून्यावर, पुढचे दोन दोन्हीकडे ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. घरच्या टीव्हीसाठी पुढचे दोन २२ ते ३० अंशांत कुठेही चालतात. सराउंडबाबत मात्र मी इतका उदार होणार नाही. त्यांची जागा कानाच्या रेषेपासून जराशी मागे, साधारण ११० अंशांवर असते. पाठीमागच्या भिंतीवर नाही आणि छताच्या कोपऱ्यात तर नाहीच. फ्लॅटचं काम चालू असताना इलेक्ट्रिशियनला छताचे कोपरे फार आवडतात, कारण वायर तिथून लपवता येते. पण मग मागून येणारी पावलं वरच्या मजल्यावरून आल्यासारखी वाटतात.

एक नमुन्याचा हॉल घेऊ. रुंदी तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट. लांबी साडेचार मीटर. टीव्ही अरुंद भिंतीवर, सोफ्याच्या मागे जेवणाचं टेबल. बसल्यावर डाव्या हाताला सलग भिंत आणि उजव्या हाताला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज उघडा. आपल्याकडच्या असंख्य फ्लॅटमध्ये हीच रचना असते आणि स्पीकरच्या दृष्टीने ती जरा अवघड आहे, कारण डावी आणि उजवी बाजू सारखी नाही.

आधी बसायची जागा पक्की करायची. चित्रपटाला चार जण सोफ्यावर बसतात, पण कंट्रोलर एकाच्या हातात असतो. मोजमाप त्या एका डोक्यासाठी करायचं. टीव्ही युनिटवर मधला स्पीकर ठेवला आणि तो खेळणाऱ्याच्या कानापासून अडीच मीटरवर आला, असं धरू. पुढचे दोन त्याच रेषेत, मध्यापासून प्रत्येकी एक मीटर दहा सेंटीमीटर बाजूला. कोन भरतो जेमतेम २४ अंश. ३० हवे असतील तर स्पीकर भिंतीत घुसवावे लागतील, म्हणून २४ वर समाधान मानायचं. त्यांचं तोंड खेळणाऱ्याकडे थोडं वळवायचं आणि वरच्या पट्टीचा आवाज देणारा छोटा पडदा, म्हणजे ट्वीटर, बसल्यावरच्या कानाच्या उंचीला आणायचा. मधला स्पीकर टीव्हीखाली असल्यामुळे खालीच राहतो. त्याच्या पुढच्या कडेखाली रबराचे दोन तुकडे सरकवून तोंड वर केलं की पुरतं.

सराउंडचा कोन मोजायला कोनमापक लागत नाही. कानाच्या रेषेत बाजूला जितके मीटर जाल, त्या प्रत्येक मीटरमागे ३६ सेंटीमीटर मागे सरका. तो ११० अंश. आपल्या हॉलमध्ये डावा सराउंड भिंतीवरच्या ब्रॅकेटवर बसतो. बाजूला एक मीटर ३५, मागे ४९ सेंटीमीटर, कानापेक्षा एक वीत-दीड वीत वर. सोफ्याच्या पाठीने किंवा शेजारी बसलेल्याच्या डोक्याने आवाज अडू नये एवढ्यापुरतीच ही उंची. उजवीकडे भिंतच नाही. तिथे उभा स्टँड लागतो आणि येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवायची, तर तो पॅसेजच्या तोंडाशी, बाजूला एक मीटर ९५ आणि मागे ७१ सेंटीमीटरवर जातो. कोन तोच राहिला, अंतर मात्र बदललं. टेप लावली तर डावा सराउंड कानापासून दीड मीटरवर आणि उजवा दोन मीटर दहा सेंटीमीटरवर. साठ सेंटीमीटरचा हा फरक बहुतेक घरांत तसाच सोडून दिलेला असतो.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर. त्यामुळे आपल्या डाव्या सराउंडचा आवाज उजव्याच्या पावणेदोन मिलिसेकंद आधी कानाशी येतो. हा वेळ नगण्य वाटेल, पण दिशा ठरवताना कान याच मापात काम करतात. दोन स्पीकरमधून एकच आवाज एकाच वेळी आला, तर तो दोघांच्या मधोमध असल्यासारखा भासतो. एकाला एखाद्या मिलिसेकंदाचा उशीर केला, की तो भास सरकत जाऊन लवकर बोलणाऱ्या स्पीकरला चिकटतो. त्यानंतर दुसरा स्पीकर वाजत असूनही दिशा सांगण्यात त्याला मत उरत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात अशा उशिरा येणाऱ्या आवाजांचा अभ्यास केला होता आणि या परिणामाला त्यांचंच नाव पडलं. आपल्या हॉलमध्ये याचा अर्थ इतकाच, की नेमकं पाठीमागून येणारं पाऊल डावीकडून आल्यासारखं वाटेल. शिवाय डावा स्पीकर जवळ असल्यामुळे मोठाही ऐकू येईल. दोन्ही चुका एकाच दिशेला ओढतात.

रिसिव्हरमधली अंतराची सेटिंग यासाठीच असते. तिथे प्रत्येक स्पीकरचं कानापासूनचं अंतर भरायचं. सगळ्यात लांबचा स्पीकर कोणता ते पाहून बाकीच्यांना थांबवण्याचं काम रिसिव्हर स्वतः करतो. आपले आकडे असे: मधला २.५, पुढचे दोन्ही २.७, डावा सराउंड १.५, उजवा २.१ आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यातला सबवूफर २.९ मीटर. म्हणजे डाव्या सराउंडला सबवूफरच्या तुलनेत चार मिलिसेकंद थांबावं लागेल. अंतर वाढवून लिहिलं की स्पीकर ‘जास्त दमदार’ होतो, अशी एक समजूत दिसते. खरं तर अंतर मोठं लिहिलं की त्या स्पीकरचा थांबण्याचा वेळ कमी होतो, आवाजाच्या जोराशी त्याचा संबंध नाही. आणखी एक सापळा म्हणजे एकक. बरेच रिसिव्हर फुटांत सुरू होतात आणि माणूस मीटरचे आकडे भरून मोकळा होतो. मग दीड मीटर हे दीड फूट होतं आणि सगळेच फरक तिपटीहून जास्त आक्रसतात. टेप स्पीकरच्या पडद्यापासून डोकं जिथे असतं त्या बिंदूपर्यंत धरायची, सोफ्याच्या कडेपर्यंत नव्हे.

वेळ जुळली की जोर जुळवायचा. रिसिव्हरच्या मेनूत टेस्ट टोन असतो. एकेका स्पीकरमधून खळखळाटासारखा आवाज सोडणारा. हातात ध्वनिपातळी मोजणारं मीटर हवं. ते सी वेटिंग आणि स्लो या सेटिंगवर ठेवायचं, डोक्याच्या जागी ट्रायपॉडवर लावायचं, तोंड छताकडे, आणि आपण बाजूला व्हायचं, कारण मध्ये उभं राहिलेलं अंगही आवाज अडवतं. पंखा बंद, एसी बंद, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत धीर. प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणायचा, हा रूढ आकडा आहे. शेजाऱ्यांसाठी ७० वर जुळवलंत तरी चालेल. सगळे सारखे असणं महत्त्वाचं.

मोबाइलमधलं ॲप चालतं का? पाच स्पीकरची एकमेकांशी तुलना करायला चालतं, कारण तो चुकला तरी सगळ्यांसाठी सारखाच चुकतो. सबवूफरसाठी मात्र त्यावर विसंबू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो. अगदी खालचे स्वर तो कमी मोजतो. आकडा कमी दिसतो म्हणून माणूस सबवूफर वाढवत नेतो आणि मग प्रत्येक स्फोटाबरोबर खिडकीच्या काचा थरथरतात.

आपल्या हॉलमध्ये सगळ्या पातळ्या शून्यावर असताना साधारण अशी वाचनं येतील, असं समजा: पुढचा डावा ७५, पुढचा उजवा ७४, कारण त्या बाजूला आवाज परतवणारी भिंत कमी आहे. मधला ७६. डावा सराउंड साडेअठ्ठ्याहत्तर, उजवा ७६. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की पातळी सहा डेसिबलनी उतरते. दीड आणि दोन पूर्णांक एक मीटर या जोडीत तिथे जवळजवळ तीनचा फरक पडला असता. घरात भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भरपाई करतो, म्हणून इथे अडीच. आता दुरुस्ती सरळ आहे. पुढचा डावा शून्य, पुढचा उजवा अधिक एक, मधला उणे एक, डावा सराउंड उणे साडेतीन, उजवा सराउंड उणे एक. यानंतर गेममध्ये सराउंड फिके वाटले तरी लगेच हात लावू नका. चित्रपटाच्या सवयीने कानांना ‘मागून काहीतरी सतत यावं’ असं वाटतं. ते वाढवलेत तर समोरून तिरपा येणारा आवाजही मागे ओढला जाईल.

सबवूफरचा हिशेब थोडा वेगळा आहे. त्याच्या पाठीमागे स्वतःचा व्हॉल्यूम असतो. टेस्ट टोन चालू ठेवून आधी तो फिरवायचा आणि वाचन ७५ च्या आसपास आणायचं, उरलेला एक-दोन डेसिबलचा फरक रिसिव्हरमध्ये काढायचा. सगळंच काम रिसिव्हरवर ढकललं, तर त्याची सेटिंग उणे बारासारख्या टोकाला जाऊन अडकते. सबवूफरच्या पाठीवर फ्रिक्वेन्सीचंही एक बटण असतं. ते पूर्ण वर फिरवायचं, नाहीतर छाटणी दोनदा होते. ती छाटणी रिसिव्हरने करायची. त्यासाठी पाचही स्पीकर मेनूत ‘स्मॉल’ ठेवायचे आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झवर. मुठीएवढे स्पीकर असलेला संच असेल तर १२० किंवा त्याहून वर. स्मॉल म्हटल्याने तुमच्या उंच टॉवर स्पीकरचा अपमान होत नाही. त्यांच्या वाट्याचा सगळ्यात जड आवाज सबवूफरकडे वळतो, एवढंच.

सबवूफर कुठे ठेवायचा याला एक जुनी आणि किंचित हास्यास्पद युक्ती आहे. तो तात्पुरता सोफ्यावर, खेळणाऱ्याच्या जागी ठेवायचा, जड आवाजाचा एखादा तुकडा वाजवायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे आवाज एकसारखा आणि घट्ट येतो, एकच स्वर घुमत नाही, ती त्याची जागा. घरच्यांनी हसायचं ते हसावं, युक्ती चालते.

रिसिव्हरसोबत छोटा माइक आला असेल तर हे सगळं हाताने का करायचं, असा प्रश्न रास्त आहे. ऑडिसी, वायपाओ, एमसीएसीसी अशा नावांची स्वयंचलित मोजणी आता बहुतेक रिसिव्हरमध्ये असते आणि ती जरूर चालवावी. खोलीमुळे स्वरात येणारे चढउतारही ती काही प्रमाणात सुधारते. माइक कानाच्या उंचीवर ट्रायपॉडवर हवा, सोफ्याच्या पाठीवर टेकवलेला किंवा हातात धरलेला नको. ती संपल्यावर मेनू उघडून आकडे पाहायचे. पाच स्पीकरपैकी एखाद्याचं अंतर टेपशी अर्ध्या मीटरहून जास्त फारकत घेत असेल, तर माइकने बहुधा भिंतीवरून परतलेला आवाज पकडला आहे. टेपचा आकडा भरा. सबवूफरचं अंतर मात्र टेपपेक्षा जास्त आलं तर तसंच राहू द्या. त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आवाजाला उशीर होतो आणि मोजणीने तो अंतरात मिळवलेला असतो. पुढचे स्पीकर ‘लार्ज’ ठरवले गेले असतील तर ते स्मॉल करा.

इतकं सगळं बिनचूक होऊनही गेम फक्त पुढच्या दोन स्पीकरमधून वाजू शकतो. टेस्ट टोन रिसिव्हर स्वतः तयार करतो. कन्सोलकडून सहा वाहिन्या येत आहेत की दोनच, याबद्दल तो काहीही सांगत नाही. शक्य असेल तर कन्सोलची एचडीएमआय केबल सरळ रिसिव्हरमध्ये लावा आणि तिथून टीव्हीला. प्लेस्टेशन ५ मध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये AV Amplifier निवडून 5.1ch आणि Linear PCM ठेवायचं, एक्सबॉक्समध्ये 5.1 uncompressed, निन्टेन्डो स्विचमध्ये टीव्हीच्या आवाजासाठी Surround. केबल टीव्हीत लावून टीव्हीच्या साध्या एआरसी सॉकेटातून आवाज रिसिव्हरकडे परत आणलात, तर तिथून न दाबलेल्या, म्हणजे पीसीएम आवाजाच्या दोनच वाहिन्या जातात. स्विच फक्त पीसीएमच देतो, म्हणून त्या वाटेने त्याचा सराउंड हमखास हरवतो. ईएआरसी असेल तर सहाही येतात. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स डॉल्बी डिजिटलमध्ये आवाज दाबून एआरसीमधून पाठवू शकतात, पण दाबण्यासाठी आधी आवाजाचा ३२ मिलिसेकंदांचा तुकडा गोळा व्हावा लागतो आणि तेवढा उशीर तरी अटळ होतो. चित्रपटात तो कळणार नाही. बंदुकीचा चाप ओढताना कळू शकतो. त्याच कारणाने टीव्ही गेम मोडवर ठेवायचा आणि रिसिव्हरमध्ये लिप सिंकसाठी जादा उशीर घातलेला असेल तो काढायचा.

रिसिव्हरच्या पट्टीवर काय उमटतं ते एकदा वाचा. Multi Ch In किंवा तत्सम काही दिसलं तर सहा वाहिन्या पोचल्या. Stereo दिसत असूनही मागून आवाज येत असेल, तर रिसिव्हर दोन वाहिन्यांतून अंदाजाने पाच बनवतो आहे. तो आवाज भरगच्च वाटतो आणि दिशेच्या कामाचा नसतो. गेमच्या स्वतःच्या मेनूतही हेडफोन आणि होम थिएटर असा पर्याय बऱ्याचदा असतो. तिथे हेडफोन राहून गेलं, तर दोन कानांसाठी केलेली किमया स्पीकरमधून ऐकू येते आणि सगळ्या दिशा विस्कटतात.

शेवटची तपासणी गेममध्येच करायची. एका जागी सतत वाजणारी वस्तू शोधा: धबधबा, शेकोटी, टेबलावरचा रेडिओ. तिच्याजवळ उभे राहा आणि उजवी काडी एका बाजूला धरून कॅमेरा सावकाश पूर्ण फिरवा. आवाज तुमच्याभोवती फेरी घालेल. फेरीत डावीकडे जाताना तो मोठा आणि उजवीकडे लहान होत असेल, तर पातळ्या परत मोजा. नेमका पाठीमागे असताना एका बाजूला चिकटत असेल, तर अंतरं तपासा. उलट दिशेने फिरत असेल, तर मागच्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत, आणि हे वाटतं त्यापेक्षा फार जास्त घरांत घडतं. मागे असताना आवाजाला जागाच सापडत नसेल, पोकळ आणि डोक्यात घुमल्यासारखा वाटत असेल, तर एका सराउंडच्या वायरचं अधिक आणि उणे उलटं लागलेलं आहे.

फेरीत एक खोट मात्र निघणार नाही. पुढच्या स्पीकरपासून सराउंडपर्यंत आपल्या हॉलमध्ये ८६ अंशांची मोकळी जागा आहे, आणि बाजूच्या दोन स्पीकरमध्ये भासमान आवाज रचायला आपले कान फारसे राजी नसतात. त्यामुळे अगदी काटकोनात असलेली वस्तू थोडी अस्थिर वाटते, पुढून मागे उडी मारते. हा या संचाचा स्वभाव आहे. आकडे खेळवून तो जात नाही. वर-खाली हेही याला कळत नाही. म्हणून फेरी एवढ्या एका उडीशिवाय गुळगुळीत झाली की थांबा, सगळे आकडे कागदावर लिहून तो रिसिव्हरच्या मागे चिकटवा, आणि दिवाळीच्या साफसफाईत सोफा हलला तर आधी टेप काढा, मीटर त्यानंतर.